पाच माफ्या आणि एक लिपिक

*मी लातूर जिल्ह्यात एका सहकारी बँकेच्या ग्रामीण शाखेची शाखाधिकारी आहे. दोन लिपिकांपैकी एकाची मार्चमध्ये बदली झाली, त्या जागी कुणी आलं नाही. ३० जूनपर्यंत पीककर्जाची ५२० प्रकरणं नवी-जुनी करायची आहेत. एका लिपिकाकडून काउंटर सांभाळून दिवसाला आठ होतात आणि सुट्ट्या वगळून आता ३६ दिवस उरलेत. विभागीय अधिकारी म्हणाले, "तुम्हीच सरव्यवस्थापक साहेबांना लिहा." १२ मेला मी हा मेल पाठवला:*

*"आदरणीय साहेब, सर्वप्रथम आपला अमूल्य वेळ घेतल्याबद्दल मनापासून क्षमस्व. आपण किती व्यस्त असता याची कल्पना आहे, म्हणून लिहावं की नाही असा विचार करत होते. लहान तोंडी मोठा घास घेतेय, चुकलं तर माफ करा. सध्या शाखेत पीककर्जाची थोडी गर्दी आहे आणि कामाचा थोडा ताण आहे. मागच्या आठवड्यात दैनंदिन अहवाल दोन दिवस उशिरा गेला, त्याबद्दलही माफी मागते. शक्य असेल आणि आपल्याला योग्य वाटलं तर एखादा लिपिक काही दिवसांसाठी मिळू शकेल का? नाही जमलं तरी हरकत नाही, आम्ही कसंही करून भागवून घेऊ. तसदीबद्दल पुन्हा एकदा क्षमस्व. काही चुकलं असल्यास लहान समजून माफ करावं."*

*उत्तर एका ओळीचं आलं: "ठीक आहे, सध्या भागवा." आकडे मी मुद्दाम घातले नव्हते, तक्रार केल्यासारखं वाटलं असतं. माझ्या मैत्रिणीचं म्हणणं, माफीच फार झाली. पण माफी काढली तर उद्धट वाटणार नाही का?*

*एक शाखाधिकारी*

---

ताई, साहेबांनी तुमची विनंती फेटाळलेली नाही. तुम्हीच लिहिलेलं वाक्य त्यांनी तुम्हाला परत पाठवलं. "कसंही करून भागवून घेऊ" असं तुम्ही म्हणालात, ते म्हणाले "भागवा". तुमच्या मेलमधलं ठाम वाक्य ते एकच होतं. बाकी सगळीकडे "थोडी", "एखादा", "काही दिवस", "शक्य असेल", "योग्य वाटलं तर". वाचणाऱ्याच्या हाताला जे घट्ट लागतं तेच तो धरतो.

आता छापील प्रत काढा, पेन्सिल घ्या आणि माफीच्या प्रत्येक जागेखाली रेघ ओढा. पाच रेघा निघतात: वेळ घेतल्याबद्दल, मोठा घास घेतल्याबद्दल, उशिरा गेलेल्या अहवालाबद्दल, तसदीबद्दल, आणि शेवटी जे काही चुकलं असेल त्या सगळ्याबद्दल. प्रत्येक रेघेपुढे एकच प्रश्न लिहा: यात माझ्या हातून कुणाचं काय नुकसान झालं? उत्तर देता आलं तर ती खरी माफी. नाही आलं, तर ती माफीच्या कपड्यातली दुसरीच एखादी गोष्ट आहे आणि ती कोणती हे शोधायचं.

पाचपैकी खरी माफी एकच आहे, अहवालाची. गंमत अशी की खोट्या चारांच्या गर्दीत नेमकी तीच दिसेनाशी झाली. साहेबांनी तो मेल वाचला तेव्हा "अहवाल उशिरा गेला, हे मान्य करते" असं त्यांना ऐकू आलं नसणार. त्यांना ऐकू आली ती नुसती एक घाबरलेली शाखा.

उरलेल्या चारही माफ्या नुसत्या खोडून भागत नाही. खोडल्या की मेल तुटक होतो आणि तुम्हाला वाटतं तसा खरंच उद्धट वाटायला लागतो. चारांपैकी पहिल्या दोघींच्या मागे एकेक खरी काळजी दडलेली आहे. ती काळजी कामाच्या वाक्यात उतरली की माफी आपोआप गळून पडते.

"आपला अमूल्य वेळ घेतल्याबद्दल" घ्या. साहेबांचा वेळ वाया जाऊ नये, ही काळजी योग्यच आहे. पण वेळ वाचतो तो मागणी वर आणल्याने. तुमच्या मेलमध्ये मागणी सहाव्या वाक्यात आहे. मुख्य कार्यालयातला माणूस मेल बहुतेकदा मोबाईलवर बघतो. पाठवणाऱ्याचं नाव, विषय आणि पहिल्या ओळीचे चार-सहा शब्द एवढंच आधी दिसतं. तुमच्या मेलचं तिथे "आदरणीय साहेब, सर्वप्रथम आपला अमूल्य वेळ" इतकंच दिसलं असणार. म्हणजे वेळ घेतल्याची माफी मागण्यातच त्यांचा वेळ गेला. या माफीच्या जागी विषयाची ओळ नीट लिहा आणि मागणी पहिल्या वाक्यात आणा.

"लहान तोंडी मोठा घास" ही सगळ्यांत बोलकी जागा आहे. इथली खरी काळजी अधिकाराची आहे: मधल्या साहेबांना ओलांडून थेट सरव्यवस्थापकांना लिहिलं, हे खपेल का? सहकारी बँकेत हा प्रश्न खराच असतो. मधला अधिकारी दुखावला तर पुढे वर्षभर निस्तरावं लागतं. पण त्यावर माफी हा इलाज नाही. माफी वाचून साहेबांना उलट शंका येते की बाईंनी विभागीय अधिकाऱ्यांना सांगितलेलं दिसत नाही. तुम्ही तर त्यांच्या सांगण्यावरूनच लिहिलंत! तेच सांगा: "विभागीय अधिकाऱ्यांशी चर्चा करून ही विनंती करत आहे, प्रत त्यांना दिली आहे." आणि प्रत खरोखर द्या.

"तसदीबद्दल" आणि "काही चुकलं असल्यास" या दोघींमागे मात्र काहीच नाही. ती सवय आहे आणि ती कुठून आली हेही कळण्यासारखं आहे. शाळेत शिकवलेल्या अर्जाचा नमुना आपल्या हातात मुरलेला असतो. शिवाय अर्ज, माफी, तसदी, मेहेरबानी हे शब्द फारसी-अरबीतून कचेरीच्या मराठीत आलेले, आणि मराठवाड्यात तर निजामाच्या शेवटच्या दशकांत कचेरीची भाषाच उर्दू होती. अर्जात 'मेहेरबान साहेब' म्हणणं ही तेव्हाची रीत होती, ठरलेल्या जागी एकदा वापरायची. रीत एकदा पाळली की शिष्टाचार होतो. तीच पाच वेळा पाळली की गयावया होते. या दोन माफ्या सरळ खोडा, जागा भरू नका.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येऊ, कारण सगळी अडचण तिथेच आहे. माफी काढल्यावर आदर कुठून येणार? मराठीत आदर क्रियापदात बसलेला असतो, त्याला माफीची कुबडी लागत नाही. एकच मागणी चार प्रकारे लिहून बघा. "लिपिक द्या" हा हुकूम झाला; तोंडी, हसून, "द्या की साहेब" म्हटलं तर आपल्याकडे तो चालूनही जातो, पण कागदावर हसू उमटत नाही. "लिपिक द्यावा, ही विनंती" यात आदर पूर्ण आहे आणि मागणीही पूर्ण आहे. "लिपिक देण्यात यावा" ही कार्यालयीन रचना. ती थोडी कोरडी आहे, पण तिचा एक फायदा आहे: ती एकट्या साहेबांकडून काही मागत नाही, कार्यालयाकडून मागते, त्यामुळे तिच्यावर शेरा मारून कागद पुढे सरकवणं सोपं जातं. आणि चौथा प्रकार तुम्ही वापरलात तो, "मिळू शकेल का?" हा शक्यतेचा प्रश्न आहे. त्याला "सध्या नाही" हे उत्तर अगदी सभ्यपणे देता येतं आणि देणाऱ्याला काही नाकारल्यासारखंही वाटत नाही. तेव्हा विध्यर्थ वापरा: द्यावा, व्हावे, मिळावे. वर "मा. सरव्यवस्थापक साहेब" आणि आत "आपण" राहू द्या. एवढ्यावर कुणी तुम्हाला उद्धट म्हणणार नाही.

शेऱ्याचा मुद्दा जरा उलगडून सांगायला हवा, कारण मेल लिहिताना आपल्याला फक्त साहेब दिसतात, त्यांच्या पुढची खुर्ची दिसत नाही. सरव्यवस्थापक स्वतः लिपिक पाठवत नाहीत. ते मेल आस्थापना विभागाकडे ढकलतात आणि आदेश तिथून निघतो. त्या विभागाला तीन गोष्टी लागतात: कोणतं पद, किती माणसं, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. "एखादा लिपिक काही दिवसांसाठी" यातून तिन्हीपैकी एकही नीट मिळत नाही. साहेबांच्या मनात द्यायचं असलं तरी त्या मेलवर "मान्य" असं लिहिता येत नव्हतं, कारण मान्य काय करायचं हेच त्यात नव्हतं. तुमच्या मसुद्याची परीक्षाही हीच आहे. पहिल्या वाक्याखाली फक्त "मान्य" लिहिलं, तर त्यावरून आदेश टाइप करता येतो का? येत नसेल तर वाक्य अजून अर्धं आहे.

आकडे घातले तर तक्रार वाटेल, ही तुमची समजूत उलटी आहे. "थोडी गर्दी, थोडा ताण" यालाच तक्रारीचा वास येतो, कारण ती भावना झाली. ती खरी की वाढवून सांगितलेली, हे ठरवायला वाचणाऱ्याकडे काही नसतं. आकडा तक्रार करत नाही. तुमचेच आकडे मांडून बघा. एक लिपिक, दिवसाला आठ, ३६ दिवस: २८८ प्रकरणं होतील. ५२० मधून २८८ गेली, उरली २३२. दिवसाला आठच्या हिशोबाने त्यांना आणखी २९ दिवसांचं काम आहे. म्हणजे तुमच्या "काही दिवस"चं खरं नाव २९ दिवस आहे. आणि ३० जूनपासून मागे मोजत गेलात तर रविवार, दुसरे-चौथे शनिवार वगळून साधारण तीस कामाचे दिवस मिळायला नवा माणूस २२ मेपर्यंत रुजू व्हायला हवा. त्यासाठी आदेश १९ मेपर्यंत निघाला पाहिजे. बघा, निर्णयाची तारीखही हिशोबातूनच निघाली. ती तुम्ही साहेबांवर लादलेली नाही. म्हणून "कृपया लवकर निर्णय घ्यावा" असं लिहायची आणि त्या घाईबद्दल पुन्हा माफी मागायची वेळच येत नाही.

आता "नाही जमलं तरी हरकत नाही" या वाक्याचं काय करायचं? त्यातला चांगला भाग असा की तुम्ही साहेबांना वाट मोकळी ठेवलीत. वाईट भाग असा की ती वाट फुकट दिलीत. हरकत आहे ना! २३२ शेतकऱ्यांचं कर्ज वेळेत नवं-जुनं होणार नाही, आणि पेरणीच्या तोंडावर ते तुमच्याच काउंटरसमोर उभे राहणार. तेव्हा वाट ठेवा, पण तिची किंमत लिहून ठेवा. शेजारच्या शाखेतला लिपिक आठवड्यातून तीन दिवस आला, तर ३० जूनपर्यंत साधारण १६ दिवस मिळतात. म्हणजे १२८ प्रकरणं होतील आणि १०४ मागे पडतील. हे जसंच्या तसं सांगायचं आणि मागे कोणती ठेवायची हे त्यांनाच विचारायचं. यात धमकी नाही, आणि तो निर्णय खरोखर तुमच्या पातळीवरचा नाहीच.

इतकं झालं की मेल असा होतो:

> विषय: २२ मे ते ३० जून, एका लिपिकाची प्रतिनियुक्ती (आदेश १९ मेपर्यंत व्हावा)
>
> मा. सरव्यवस्थापक साहेब,
>
> आमच्या शाखेस २२ मे ते ३० जून या काळासाठी एक लिपिक प्रतिनियुक्तीवर देण्यात यावा, ही विनंती. १२ मेच्या मेलमध्ये आकडे दिले नव्हते, ते आता देत आहे.
>
> ३० जूनपर्यंत पीककर्जाची ५२० प्रकरणे नवी-जुनी करायची आहेत. लिपिकांच्या दोनपैकी एक जागा मार्चमधील बदलीनंतर रिकामी आहे. एका लिपिकाकडून दिवसाला सरासरी ८ याप्रमाणे उरलेल्या ३६ दिवसांत २८८ प्रकरणे पूर्ण होतील. उर्वरित २३२ प्रकरणांसाठी आणखी एका लिपिकाचे २९ दिवस लागतात.
>
> पूर्ण वेळ लिपिक देणे शक्य नसल्यास शेजारील शाखेतील लिपिक आठवड्यातून तीन दिवस मिळावा. त्या स्थितीत सुमारे १२८ प्रकरणे होतील व १०४ प्रकरणे जूननंतर जातील. त्यांपैकी कोणती मागे ठेवावीत, याबाबत आपले मार्गदर्शन व्हावे.
>
> विभागीय अधिकाऱ्यांशी चर्चा करून ही विनंती करत आहे. प्रत त्यांना दिली आहे.
>
> आपली,
> शाखाधिकारी

शब्द मोजलेत तर हा मेल तुमच्या पहिल्या मेलपेक्षा लहान नाही, मोठाच आहे. पण आता पहिल्या दोन ओळी वाचून कामाचं कळतं. खालचं ज्याला तपासायचं असेल त्याने तपासावं.

"आकडे दिले नव्हते, ते आता देत आहे" या वाक्याकडे नीट बघा. दुसऱ्यांदा लिहिताना माफीचा हात सर्वांत जास्त शिवशिवतो: "पुन्हा त्रास देतेय", "आपण सांगूनही लिहितेय". त्याऐवजी दुसऱ्यांदा लिहिण्याचं खरं कारण सांगितलं की पुरतं. साहेबांनी "भागवा" म्हटलं ते आकडे न बघता, त्यामुळे त्यांना आपला शब्द मागे घेतल्यासारखंही वाटत नाही. आता समोर नवी माहिती आहे, तिच्यावर नवा निर्णय होऊ शकतो. जुन्या मेलच्या उत्तरातच हे पाठवू नका, नाहीतर त्याच्या शेपटाला ती पाच माफ्यांची माळ लटकत राहील आणि आस्थापना विभागही ती वाचेल. नवा मेल, नवा विषय.

अहवालाची माफी राहिली. ती काढायची नाही, हलवायची आहे. मागणीच्या मेलमध्ये ती दोन्ही बाजूंनी फसते. माफी म्हणून वाचली तर मागणीला लंगडी करते: ज्यांचा अहवालच वेळेत येत नाही, त्यांना माणूस देऊन काय होणार? आणि कारण म्हणून वाचली, की लिपिक नाही म्हणून उशीर झाला, तर ती सबब वाटते. म्हणून वेगळा मेल करा, शक्यतो मागणीच्या आधी एक दिवस, दोन-तीन वाक्यांचा. त्यात कोणत्या दोन तारखांचा अहवाल कधी गेला ते लिहा. "उशीर शाखेकडून झाला, त्याबद्दल दिलगीर आहे" एवढं एकदाच म्हणा. आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय बदललं ते सांगा. उदाहरणार्थ, आता अहवाल रोज साडेपाचला रोखपाल पाठवतात, त्या रजेवर असतील तर तुम्ही स्वतः. पण बदल खरोखर केला असेल तरच हे लिहा. माफीनंतर आठवडाभरात तीच चूक झाली तर पुढची माफी कुणी वाचत नाही.

उलट दिशेची एक चूकही होते, तीही सांगून ठेवतो. माफी काढायची म्हटल्यावर काही जण सगळाच ओलावा काढून टाकतात: नमस्कार नाही, "विनंती" शब्द नाही, वर "तातडीने" आणि "न दिल्यास जबाबदारी शाखेची राहणार नाही". हे शेवटचं वाक्य तर कधीच लिहू नका. ती विनंती उरत नाही, नोटीस होते, आणि नोटिशीला उत्तरही नोटिशीसारखंच येतं. खरोखर अवेळी त्रास दिला, म्हणजे रविवारी रात्री दहाला फोन करावा लागला, तर "अवेळी फोन केला, माफ करा" म्हणणं रास्तच आहे. तेही एकदाच, आणि लगेच काम सांगायचं.

मेल पाठवल्यावर दोन दिवसांनी फोन करा. तिथे मात्र जपा, कारण लिहिताना खोडता येतं, बोलताना माफी जिभेवर बसलेलीच असते. "सॉरी साहेब, बिझी होता का, दोनच मिनिटं, म्हणजे नाही जमलं तरी..." असं सुरू झालं की मेलवर केलेलं सगळं पाण्यात. एक वाक्य कागदावर लिहून समोर ठेवा: "नमस्कार साहेब, अमुक शाखेतून बोलतेय. लिपिकाच्या मेलबद्दल दोन मिनिटं हवी होती, आत्ता बोलू की चार वाजता?" यात त्यांच्या वेळेचा मान आहे आणि माफी कुठेच नाही. ते "बघतो" म्हणाले, तर "ठीक आहे, १९ तारखेला आस्थापना विभागात चौकशी करते" एवढं बोलून थांबा. व्हॉट्सअ‍ॅपवर आठवण दिलीत तर जोडलेले हात एकदा, नमस्कारापुरते. शेवटी ओळीने चार जोडले की ती पुन्हा तीच तसदीची माफी, फक्त पिवळ्या रंगात.

बँकेत द्यायला लिपिकच नसेल, तर कितीही नेटका मेल लिहिला तरी माणूस मिळणार नाही. तेव्हा तुमच्या हातात १०४चा प्रश्न राहतो, आणि त्याचं उत्तर लेखी मागून घ्या. तेही नाही मिळालं, तर कोणती प्रकरणं आधी घेणार याचा क्रम तुम्हीच ठरवून साहेबांना कळवा.

हे सगळे आकडे तुम्ही पत्र लिहिलंत त्या दिवसाचे आहेत. मेल ज्या दिवशी पाठवाल त्या दिवशी रजिस्टर उघडून बाकी प्रकरणं आणि उरलेले दिवस पुन्हा मोजा. दोन दिवस गेले असतील तर ३६ चे ३४ झाले आणि झालेली सोळा प्रकरणं ५२० मधून वजा झाली. २३२ मात्र तसेच राहतील. सरकणार ती फक्त २२ मेची तारीख, आणि तिच्यामागे ३० जून तर हलणार नाही. त्यामुळे अहवालाचा मेल आजच पाठवा आणि मागणीचा उद्या.